घर वापरायला दिल्याबद्दल: एका आभारपत्राची गोष्ट

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सेक्रेटरी साहेबांनी मला सांगितलं, "काका, पंचवीस वर्षांच्या आठवणींवर दहा मिनिटं बोला." आता आठवणी सांगायला उभं राहिलं की माणूस पाण्याच्या टाकीपासून सुरू करतो आणि लिफ्टच्या वर्गणीपर्यंत येऊन थांबतो. ते सगळं आपल्या इतिवृत्तात आहे. म्हणून मी आज एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. आपल्या पहिल्या मजल्यावरच्या एका कुटुंबानं आपलं राहतं घर एका लघुपटाच्या शूटिंगसाठी दोन दिवस दिलं आणि नंतर त्यांना एक आभारपत्र गेलं. ते पत्र कसं तयार झालं, एवढीच गोष्ट. नावं मुद्दाम घेत नाही, कारण पत्र वाचून दाखवायला काकूंनी परवानगी दिली ती याच अटीवर. तुम्हाला कोण ते माहीतच आहे, तेव्हा मागे वळून बघू नका!

ज्या मुलीनं फिल्म केली ती आपल्याच सोसायटीत लहानाची मोठी झाली. फिल्म बारा मिनिटांची. आई वारल्यानंतर दोन बहिणी तिचं स्वयंपाकघर आवरायला येतात, एकेक डबा खाली काढतात, आणि डबे काढता काढता त्यांच्यात जे बोलणं होतं ती कथा. आता यासाठी हवं होतं ते स्वयंपाकघर. कडाप्प्याचा ओटा, आणि भिंतीला लावलेली स्टीलची मांडणी, तीही वापरातली. तिनं आपल्या तीनही विंग पालथ्या घातल्या. आपण सगळ्यांनी ट्रॉल्या आणि मॉड्युलर किचन करून घेतलंय. मांडणी उरली होती फक्त एका घरात, कारण त्या घरच्या आजींनी ती चाळीतून इथे येताना आणली होती आणि काढू दिली नव्हती.

कमिटीकडे रीतसर अर्ज आला, लेखी परवानगी दिली गेली. घरच्यांबरोबरही कागद झाला. त्यात तारखा, वेळा, कोणत्या खोल्या वापरणार, आणि चित्रपटात घर दाखवायला आमची हरकत नाही, हे सगळं होतं. चौदा माणसं, शनिवार-रविवार, भाडं शून्य. काका म्हणाले, "आपल्या पोरीकडून कसलं भाडं घ्यायचं?"

शूटिंग झालं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ही मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, तुम्ही बँकेत एवढी पत्रं लिहिलीत, हे जरा बघता का?" तिचा मसुदा चार ओळींचा होता. आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्याशिवाय हे शक्य नव्हते. काही गैरसोय झाली असल्यास क्षमस्व. आपले ऋण शब्दांत व्यक्त करता येणार नाही.

मंडळी, मी तिला म्हटलं, "बाळ, हे पत्र तू मंडपवाल्यालाही पाठवू शकतेस." त्यात त्या घराचं काही नव्हतं. ओटा नव्हता, मांडणी नव्हती, आजी नव्हत्या. आणि "गैरसोय झाली असल्यास" यातला "असल्यास" हा तर आमच्या बँकेचा लाडका शब्द. ग्राहकाचा ड्राफ्ट आठ दिवस अडकला तरी आम्ही लिहायचो, "विलंब झाला असल्यास". झालेला असतो, त्यालाही ठाऊक, आपल्यालाही ठाऊक. ज्याचं नुकसान झालंय त्याला हा शब्द टोचतो, कारण त्याचा अर्थ होतो की तुमचं काय झालं ते आम्ही पाहिलंही नाही.

म्हणून मी तिला एक कोरा कागद दिला आणि म्हटलं, आधी पत्र नको, आधी हिशेब लिही. डावीकडे, त्यांनी काय दिलं. उजवीकडे, तुम्ही काय परत केलं. मग बघू काय उरतं ते. आणि जे उरेल त्याचेच आभार मानायचे.

पहिल्यांदा आली वीज. शूटिंगचे बरेचसे दिवे हल्ली एलईडीचे असतात, ते फार वीज खात नाहीत. पण एका प्रसंगात भर दुपारी संध्याकाळचं ऊन दाखवायचं होतं. म्हणून खिडकीला काळं कापड लावलं आणि गॅलरीतून हजार वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा दिवा मारला. हजार वॅट म्हणजे आपल्या २३० व्होल्टवर चार अँपिअरच्या थोडं वर. साध्या पाच अँपिअरच्या प्लगवर हे तासन् तास चालवलं तर प्लग तापतो, वितळायचा वास येतो. म्हणून त्यांच्या लाइटवाल्या मुलानं तो गीझरच्या मोठ्या सॉकेटवर लावला. शहाणपणाचं काम केलं. पण त्याचा अर्थ असा की दोन्ही दिवस घरच्यांनी पहाटे साडेपाचला आंघोळी उरकल्या, कारण नंतर गीझर नव्हता. विजेचं मीटर त्यांनी सुरुवातीला आणि शेवटी वाचून ठेवलं होतं. दोन दिवसांत २७ युनिट. त्यातले घरचे नेहमीचे वजा न करता सगळ्यांचे पैसे यांनी देऊ केले आणि काकांनी ते घेतले. म्हणजे विजेचं खातं बंद झालं. पण साडेपाचची आंघोळ बाकी राहिली.

मग आवाज. आपल्याला वाटतं शूटिंग म्हणजे कॅमेरा. पण संवाद जर जागेवरच ध्वनिमुद्रित करायचे असतील तर घरातली प्रत्येक गुणगुण माइकला ऐकू येते. पंखा बंद. फ्रिज बंद. दाराची बेल काढलेली. पंखा चालू असताना घेतलेला एक संवाद आणि बंद असताना घेतलेला दुसरा असे एकापुढे एक जोडले की मधेच घरघर सुरू होते आणि मधेच थांबते, त्यामुळे सगळे टेक एकाच शांततेत घ्यावे लागतात. आजींची खोली स्वयंपाकघराला लागून. त्यामुळे त्यांचाही पंखा प्रत्येक टेकला बंद व्हायचा. मे महिना. आजी पुठ्ठ्यानं वारा घेत बसल्या होत्या, आणि तोही आवाज येतो म्हटल्यावर पुठ्ठा मांडीवर ठेवून बसल्या.

फ्रिजची एक गंमत सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. फ्रिज बंद करणं सोपं, पण रात्री दमलेली माणसं तो चालू करायला विसरतात आणि सकाळी दूध नासलेलं सापडतं. दार उघडलं नाही तर फ्रिजमधला गारवा चारेक तास टिकतो, रात्रभर नाही. म्हणून ध्वनिमुद्रण करणारी माणसं फ्रिज बंद करताना आपल्या गाडीची किल्ली आत ठेवतात. किल्ली घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, आणि ती घ्यायला फ्रिज उघडला की आठवतं. या मुलानंही स्कूटरची किल्ली लोण्याच्या भांड्याशेजारी ठेवली होती. काकूंना ते इतकं आवडलं की आता गावाला जाताना त्याही असंच काहीतरी करतात.

शेवटच्या रात्री काम संपल्यावर त्या मुलानं सगळ्यांना एक मिनिट जागच्या जागी गप्प उभं केलं आणि काहीच चाललेलं नसताना ध्वनिमुद्रण केलं. आजींनी विचारलं, "आता काय घेताय?" तो म्हणाला, "आजी, घराची शांतता घेतोय." प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि संकलनात दोन वाक्यांमधली फट भरायला त्याच खोलीची शांतता लागते, नाहीतर कानाला खड्डा जाणवतो. मला हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, हेही कागदावर डाव्या बाजूला लिही. हेही त्यांनीच दिलंय.

आता नुकसान. फरशीला ओरखडा नाही, कारण दिव्यांच्या स्टँडच्या पायांना टेनिसचे चेंडू कापून लावले होते. पण खिडकीवरचं काळं कापड ज्या जाड चिकटपट्टीनं लावलं, गॅफर टेप म्हणतात तिला, ती काढताना भिंतीचा रंग वीतभर सोलून निघाला. ऑइलपेंटवर ही पट्टी एकवेळ चालते. डिस्टेंपरवर नाही, कारण डिस्टेंपरची पकड त्या गोंदापेक्षा कमी असते. यांनी ते लपवलं नाही. त्याच रात्री काकूंना बोलावून दाखवलं. सोमवारी रंगारी आला. तो म्हणाला, नुसता वीतभर डाग रंगवला तर नवा रंग ठिगळासारखा दिसेल, कारण बाकीचा रंग सात वर्षं धुरात जुना झालाय. म्हणून त्यानं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती एक भिंत पूर्ण रंगवली. खर्च फिल्मवाल्यांचा. हेही खातं बंद. पण पत्रात त्याचा उल्लेख हवा, तोही "असल्यास" न लिहिता.

दुसरं नुकसान जरा गमतीचं. मांडणीवरची सगळी भांडी हलवण्याआधी त्यांच्या एका मुलीनं तीस-चाळीस फोटो काढून ठेवले होते, आणि शूटिंग संपल्यावर फोटो बघून प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे ठेवली. पण काकूंच्या घरी मीठ आणि साखर एकाच मापाच्या, एकसारख्या स्टीलच्या डब्यांत. डब्यांवर नाव नाही, काकूंचा हात जागेवर जातो. फोटोत दोन्ही डबे सारखेच दिसतात! सोमवारी सकाळी काकांनी पहिला घोट घेतला आणि चहा खारट. ही पोरगी कसनुसा चेहरा करून म्हणाली, "काका, हे पत्रात नको ना?" मी म्हटलं, हे तर हवंच. ज्या चुकीवर ते घर हसलंय, तिचा उल्लेख केलास तर त्यांना कळेल की तुला खबर आहे.

कागद भरत आला. बहुतेक सगळ्याला उजवीकडे काहीतरी उत्तर होतं. मग मी विचारलं, "आणि आजी?"

ती गप्प झाली. मग तिनं जे सांगितलं ते मलाही माहीत नव्हतं. जागा बघायला ती पहिल्यांदा गेली तेव्हा काका-काकू लगेच हो म्हणाले. पण आजींनी विचारलं, "गोष्ट काय आहे तुझी?" हिनं सांगितलं. आजी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे माझी मांडणी तू मेलेल्या बाईची म्हणून दाखवणार."

मंडळी, विचार करा. आजींचं वय ८६. रोज त्याच ओट्याशी अजून अर्धा तास उभ्या राहून त्या भाजी निवडतात. आणि कोणीतरी येऊन त्यांचे डबे एकेक करून खाली काढणार, हे कोणाला द्यायचं, ते कोणाला द्यायचं असं बोलणार, आणि त्यांनी पलीकडच्या खोलीत पंखा बंद करून ते ऐकत बसायचं. काका म्हणाले, "आई, नको असेल तर आपण नाही सांगू." काही जण याला अपशकुन म्हणतील. मी तसं म्हणत नाही, पण हे मागणं लहान नव्हतं. हिच्या बाजूनं एक गोष्ट चांगली होती. तिनं कथा लपवली नाही. "घरगुती गोष्ट आहे आजी" असं म्हणून वेळ मारून नेता आली असती, आणि मग शूटिंगच्या दिवशी आजींना भिंतीपलीकडून कळलं असतं.

आजींनी दोन दिवस घेतले. मग निरोप पाठवला, "ये म्हणावं. पण हार घातलेला फोटो माझ्या मांडणीच्या वर लावायचा नाही." हिनं तो फोटो पटकथेतूनच काढून टाकला.

मी तिला म्हटलं, हे एकच कलम असं आहे की ज्याच्या उजव्या बाजूला काही लिहिता येत नाही. विजेचे पैसे दिले, भिंत रंगवली, मीठ-साखर जागेवर गेली. याचं काय देणार? तेव्हा आभार मानायचे ते याचे. बाकीचं सगळं पत्रात असू दे, पण ते हिशेब म्हणून.

मग आम्ही पत्र लिहायला बसलो. लिहिलं तिनंच, माझं काम फक्त खोडण्याचं. मी तीन गोष्टी खोडल्या. एक, "पुढच्या फिल्मच्या वेळीही असंच सहकार्य मिळेल ही आशा". आभारपत्रात मागणी घालायची नाही, नाहीतर आभार हा अर्जाचा पहिला परिच्छेद होतो. दोन, "ही फिल्म नक्की पुरस्कार मिळवेल". जे आपल्या हातात नाही त्याचं वचन द्यायचं नाही. आणि तीन, "लवकरच यूट्यूबवर बघायला मिळेल". तिनंच नंतर सांगितलं की काही महोत्सव आधीच इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली झालेली फिल्म घेत नाहीत, त्यामुळे वर्षभर तरी ती टाकता येणार नाही. मग तसं स्पष्ट लिही म्हटलं, म्हणजे काकू बहिणीला तारीख देऊन बसणार नाहीत.

नावांचं तिनं आधीच केलं होतं. फिल्मच्या शेवटी ऋणनिर्देशात नाव कसं हवं, हे तिनं काकांकडून कागदावर लिहून घेतलं होतं, ऱ्हस्व-दीर्घासकट. फिल्म पूर्ण तयार झाल्यावर एक वेलांटी बदलायची तरी ती सगळी पुन्हा बाहेर काढावी लागते. काकांनी स्वतःच्या नावाआधी आईचं नाव लिहून दिलं होतं.

आता पत्र वाचतो. काकूंनी मूळ प्रत दिली आहे, ती सांभाळून परत करायची आहे.

"तीर्थस्वरूप आजी, काका आणि काकू यांना सादर नमस्कार.

शनिवार-रविवार तुम्ही तुमचं घर आम्हाला दिलंत, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. फिल्मचं काम अजून बरंच बाकी आहे, पण ते संपेपर्यंत थांबले तर लहान गोष्टी विसरतील, म्हणून आजच लिहिते.

आम्ही चौदा जण होतो आणि सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत तुमच्या घरात होतो. त्या दोन दिवसांत तुम्ही पहाटे साडेपाचला आंघोळी केल्यात, दुपारी बेडरूममध्ये बसून जेवलात, आणि दादाने परीक्षेचा अभ्यास शेजारच्या घरी जाऊन केला. मे महिन्यात प्रत्येक टेकला तुमचे पंखे बंद होते. तुमच्यापैकी कोणीही 'अजून किती वेळ' असं एकदाही विचारलं नाही. भाडं घ्यायला तुम्ही नकार दिलात, हेही इथे लिहून ठेवते.

खिडकीजवळच्या भिंतीचा रंग आमच्या चिकटपट्टीने निघाला. ती चूक आमची. पट्टी आधी कोपऱ्यात लावून बघायला हवी होती. भिंत रंगवून झाली आहे. पावसाळ्यात तिथे पोपडा आला तर कळवा, आम्ही पुन्हा करून देऊ. मीठ आणि साखरेच्या डब्यांची अदलाबदल आमच्याकडून झाली. काका, त्या चहाबद्दल मी वेगळी माफी मागायला येणार आहे.

आम्हाला असं स्वयंपाकघर दुसरीकडे बांधून घेता आलं नसतं. ओट्याची कड जिथे पोळपाट ठेवून ठेवून गुळगुळीत झाली आहे, तिथे आमच्या अभिनेत्रीने हात ठेवला, आणि ते आम्ही तिला सांगितलं नव्हतं.

आजी, आता हे तुमच्यासाठी. तुमची मांडणी आम्ही गोष्टीत एका गेलेल्या बाईची म्हणून दाखवली. हे तुम्हाला आवडणार नाही हे मला तुमच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. तरी तुम्ही विचार करून हो म्हणालात, आणि दोन दिवस शेजारच्या खोलीत बसून सगळं ऐकलंत. याची परतफेड मला करता येणार नाही, आणि मी ती करत आहे असं दाखवणारही नाही. हाराचा फोटो लावला नाही. गोष्टीतल्या बाईला आम्ही नाव दिलेलं नाही. प्रत्येक डबा काढताना आमच्या मुलींनी दोन्ही हातांनी काढला, हे तुम्ही पाहिलंत ना?

फिल्म तयार झाली की बाहेर कुठे दाखवण्याआधी ती तुम्हाला तिघांना दाखवीन. त्यात तुम्हाला खटकणारं काही दिसलं तर तेव्हा बोलू. महोत्सवांच्या नियमामुळे ती वर्षभर तरी इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवता येणार नाही. तुम्हाला पासवर्ड असलेली लिंक देईन, ती कृपया पुढे पाठवू नका. एक प्रत पेनड्राइव्हवर तुमच्या घरी राहील.

लिफ्ट, पाण्याचा पंप आणि कुकरच्या शिट्ट्या आमच्यासाठी थांबवणाऱ्या शेजाऱ्यांना आणि कमिटीला वेगळं पत्र दिलं आहे.

तुमची नम्र,"

आणि खाली सही.

आजींचा परिच्छेद तिनं वेगळ्या कागदावर, मोठ्या अक्षरात, पुन्हा एकदा लिहून दिला. आजींना बारीक अक्षर वाचता येत नाही, आणि दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं आणि स्वतः वाचलेलं यात फरक असतो. ही कल्पना तिची, माझी नव्हे.

पत्र पोस्टानं किंवा व्हॉट्सॲपवर गेलं नाही. आठव्या दिवशी ती स्वतः घेऊन गेली. काकांनी वाचलं आणि म्हणाले, "दादाच्या अभ्यासाचं तुला कुठून कळलं?" काकू मीठ-साखरेवर हसल्या. आजींनी आपला कागद खिडकीशी नेऊन वाचला आणि म्हणाल्या, "एकीनं एका हातानं काढला होता. डाळीचा." ती म्हणाली, "हो आजी, तो टेक आम्ही घेतला नाही." त्यावर आजी काही बोलल्या नाहीत. कागद मांडणीवरच्या मधल्या खणात, ताटांच्या मागे ठेवला. तो तिथे अजून आहे.

चार महिन्यांनी फिल्म तयार झाली आणि कबूल केल्याप्रमाणे पहिल्यांदा त्या घरात, त्यांच्याच टीव्हीवर दाखवली गेली. आजींनी एकच सूचना केली. शेवटी ऋणनिर्देशात त्यांचं नाव येतं, त्याच्या आधी पडदा काही क्षण पूर्ण काळा होतो. आजी म्हणाल्या, "अंधार आणि लगेच माझं नाव, हे बरं दिसत नाही." मुलीनं ते बदललं. आता तिथे अंधार नाही, उजेडातल्या मांडणीवरच नाव येतं. फिल्म बघितलेल्यांपैकी कोणालाही हे कळणार नाही, पण आता तुम्हाला कळलं.

आपल्याकडे हे नवीन नाही, बरं का. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला, तेव्हाही त्यांच्या दादरच्या घरात कामाचा पसारा होता आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाई करत होत्या. घरातलं माणूस उन्हात, धुरात काम करतं आणि पडद्यावर दिसत नाही, हे तेव्हापासून चालत आलंय. म्हणून कागदावर लिहून ठेवायचं.

या पत्राचा आपल्या सोसायटीला झालेला उपयोग सांगतो आणि थांबतो. शूटिंगच्या वेळी काही सभासदांची नाराजी होती. जिन्यात माणसं, लिफ्ट अडकलेली, कुकर लावायचा नाही. रास्त तक्रार होती. पुढच्या सभेत विषय आला की यापुढे अशी परवानगीच देऊ नये. तेव्हा काकांनी हे पत्र सभेत वाचून दाखवलं. मतदानाची वेळच आली नाही. उलट त्या पत्रावरूनच कमिटीनं एक पानाचा अर्ज तयार केला. काम सुरू होण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो. सुरुवातीला आणि शेवटी मीटरची नोंद. मोठा दिवा कोणत्या सॉकेटवर लावणार ते आधी सांगायचं. डिस्टेंपरच्या भिंतीला चिकटपट्टी नाही. घरातल्या सर्वांना, वयस्कर माणसांनाही, कथा पूर्ण सांगितली असल्याची सही. आणि शेवटचं कलम असं की, काम संपल्यापासून आठ दिवसांत घरच्यांना पत्र, ज्यात काय मोडलं आणि काय दुरुस्त केलं ते लिहिलेलं असेल. त्यानंतर दोन जणांनी तो अर्ज भरून परवानगी घेतली. दोघांचीही पत्रं ऑफिसच्या फाइलमध्ये आहेत. ज्यांना बघायची असतील त्यांनी व्यवस्थापकांकडे मागावीत.

आजी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मी नाव घेतलेलं नाही, आजी, तक्रार करू नका. सेक्रेटरी साहेब घड्याळ दाखवतायत आणि मागे पुऱ्या तळल्याचा वास येतोय.